कवि की कवी? हिंदी आणि मराठी दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदीत ‘कवि’, ‘शक्ति’, ‘गुरु’ बरोबर आणि मराठीत ‘कवी’, ‘शक्ती’, ‘गुरू’ बरोबर, असे का?

हे शब्द दोन्ही भाषांनी संस्कृतातून जसेच्या तसे घेतले आहेत, म्हणजे ते तत्सम आहेत. संस्कृतात त्यांच्या शेवटचा इकार किंवा उकार ऱ्हस्व आहे. हिंदीने लिहिताना तोच ऱ्हस्व कायम ठेवला. मराठीने मात्र उच्चाराला अनुसरून निराळा नियम केला: शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार आपण दीर्घ उच्चारतो, म्हणून तो दीर्घच लिहावा. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले जे चौदा लेखनविषयक नियम आहेत (१९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली), त्यांत हा नियम आहे आणि आजचे शालेय व शासकीय लेखन त्यालाच धरून चालते.

त्यामुळे मति, गति, नीति, भूमि, समिति, लिपि, निधि, प्रतिनिधि, वस्तु, ऋतु, मृत्यु, शत्रु ही हिंदीतील रूपे मराठीत अनुक्रमे मती, गती, नीती, भूमी, समिती, लिपी, निधी, प्रतिनिधी, वस्तू, ऋतू, मृत्यू, शत्रू अशी लिहिली जातात. दोन भाषांमधील लेखनभेदांचा सर्वांत मोठा वाटा या एका नियमाचा आहे, म्हणून पुढील बरेचसे प्रश्नही त्याच्याभोवतीच फिरतात.

येथे एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. हिंदी भाषकही बोलताना ‘कवि’तला शेवटचा इकार पुष्कळदा लांबवतात. तेव्हा फरक उच्चारापेक्षा लेखनाच्या धोरणाचा अधिक आहे, आणि केवळ कानावर विसंबून हिंदी लिहिणारा विद्यार्थी हमखास ‘शक्ती’ लिहितो.

मग मराठीत ‘शक्ती’ दीर्घ असताना ‘शक्तिपीठ’ ऱ्हस्व कसे?

नियमाचा हा दुसरा भाग पुष्कळांना ठाऊक नसतो. दीर्घ करायचा तो शब्दाच्या अगदी शेवटी आलेला इकार किंवा उकार. तोच शब्द समासाचे पहिले पद झाला, की त्याचे शेवटचे अक्षर संपूर्ण शब्दाच्या शेवटी राहत नाही आणि मूळचे ऱ्हस्व रूप परत येते. म्हणून कवी पण कविवर्य, बुद्धी पण बुद्धिवैभव, भक्ती पण भक्तिमार्ग, गुरू पण गुरुकुल, मृत्यू पण मृत्युपत्र, वस्तू पण वस्तुसंग्रहालय. संस्कृत प्रत्यय लागतो तेथेही हेच घडते: कवित्व, गुरुत्व, बुद्धिमान, भक्तिमय.

‘वस्तुस्थिती’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात ‘वस्तु’ पहिल्या पदात आहे म्हणून ऱ्हस्व, आणि ‘स्थिती’ शेवटी आहे म्हणून दीर्घ. हिंदीत दोन्ही ऱ्हस्वच: वस्तुस्थिति. ‘मनुस्मृती’चेही तसेच, ग्रंथाचे नाव असले तरी मराठीत शेवट दीर्घ होतो आणि ‘मनु’ मात्र ऱ्हस्व राहतो.

अर्थात मूळ शब्दच दीर्घान्त असेल तर समासातही तो दीर्घ राहतो. नदीपात्र, लक्ष्मीपुत्र, स्त्रीशिक्षण, वधूपरीक्षा हे शब्द त्यामुळे दीर्घ आहेत. येथेच खरी अडचण उभी राहते, कारण मराठीत सुटा लिहिलेला ‘कवी’ आणि सुटी लिहिलेली ‘नदी’ यांत काहीच फरक दिसत नाही.

मूळ शब्द ऱ्हस्वान्त की दीर्घान्त, हे संस्कृत न शिकता कसे ओळखावे?

दोन्ही भाषा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे ओळखणे फक्त मराठी लिहिणाऱ्यापेक्षा सोपे आहे, कारण त्याच्याकडे एका भाषेचे उत्तर दुसऱ्या भाषेत आधीच लिहून ठेवलेले असते.

मराठी समास लिहिताना अडखळल्यास पहिल्या पदाचे हिंदी रूप आठवावे. हिंदीत ‘दृष्टि’ ऱ्हस्व आहे, म्हणून मराठीत दृष्टिक्षेप. हिंदीत ‘ऋतु’ ऱ्हस्व आहे, म्हणून ऋतुचक्र. हिंदीतही ‘नदी’ दीर्घच आहे, म्हणून नदीकाठ. मराठीने सुट्या शब्दात झाकलेला फरक हिंदीने उघडा ठेवला आहे.

उलट दिशेने, म्हणजे हिंदी लिहिताना शंका आली, तर त्याच शब्दाचा रुळलेला मराठी समास आठवावा. ‘समिती’ हिंदीत ऱ्हस्व की दीर्घ? मराठीत ‘समितिसदस्य’ हा समास फारसा ऐकू येत नाही, म्हणून तेथे ही युक्ती लंगडी पडते. पण भूमिपुत्र, पशुपालन, विधिमंडळ, शांतिदूत, कृतिशील, नीतिमत्ता अशा शब्दांवरून भूमि, पशु, विधि, शांति, कृति, नीति ही हिंदी रूपे नेमकी कळतात. लक्ष्मीपूजन आणि नदीपात्र यांवरून लक्ष्मी व नदी हिंदीतही दीर्घ, हेही कळते.

समास आठवत नसेल तेथे शब्दाची घडण पाहावी. धातूला ‘ति’ हा प्रत्यय लागून झालेली भाववाचक स्त्रीलिंगी नामे मुळात ऱ्हस्व असतात: गति, मति, स्थिति, कृति, समिति, उन्नति, संस्कृति, तसेच ज्यांत त्या ‘ति’चे रूप बदलले आहे ती दृष्टि, सृष्टि, बुद्धि, शुद्धि, सिद्धि. याउलट स्त्रीत्व दाखवणारे ‘वती’ आणि ‘मती’ हे शेवट दीर्घ असतात: भाग्यवती, श्रीमती, बुद्धिमती, सरस्वती. मराठीत ‘मती’ आणि ‘श्रीमती’ शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच दिसतात. हिंदीत एक मति आहे आणि दुसरी श्रीमती.

मराठी माध्यमाचे विद्यार्थी हिंदीत ‘विद्यार्थि’ किंवा ‘शताब्दि’ असे का लिहितात?

‘हिंदीत ऱ्हस्व लिहायचे’ असा अर्धवट नियम डोक्यात बसल्यामुळे. हिंदी सगळेच शेवट ऱ्हस्व करीत नाही. ती मूळ रूप राखते. जे मुळात दीर्घ, ते हिंदीतही दीर्घच. नदी, लक्ष्मी, पत्नी, शताब्दी, प्रणाली, श्रेणी, सूची, जयंती, वधू हे शब्द दोन्ही भाषांत तंतोतंत सारखे लिहिले जातात. ‘पति-पत्नी’ ही हिंदीतील जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण एकाच जोडीत दोन्ही प्रकार आले आहेत. मराठीत ती ‘पती-पत्नी’ होते.

‘विद्यार्थी’ हिंदीतही दीर्घ आहे. तरी मराठीत ‘विद्यार्थिमंडळ’ ऱ्हस्व का?

वरच्या युक्तीला असलेला हा एकमेव मोठा अपवाद आहे. विद्यार्थी, मंत्री, पक्षी, प्राणी, योगी, स्वामी, गुणी हे शब्द संस्कृतात मुळात ‘इन्’ने संपतात: विद्यार्थिन्, मंत्रिन्, पक्षिन्. सुटे वापरताना शेवटचा ‘न्’ गळतो आणि आधीचा इकार दीर्घ होतो, म्हणून हिंदी आणि मराठी दोन्हींत सुटा शब्द दीर्घ दिसतो. समासाच्या पहिल्या पदात मात्र ‘न्’ गेल्यावर इकार ऱ्हस्वच राहतो आणि मराठीचा नियम तो तसाच लिहायला सांगतो: विद्यार्थिमंडळ, मंत्रिमंडळ, पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय, योगिराज, स्वामिनिष्ठ, गुणिजन.

असे शब्द ओळखण्याची एक सोपी खूण आहे. शब्द तत्सम आहे, पुल्लिंगी आहे आणि हिंदीत दीर्घ ईकारान्त आहे, असे तिन्ही जुळले तर तो बहुधा ‘इन्’चा शब्द असतो. खात्री करायची असेल तर त्याचे स्त्रीलिंगी रूप किंवा ‘त्व’ लागलेले रूप पाहावे. तेथे ऱ्हस्व इकार उघडा पडतो: विद्यार्थिनी, योगिनी, स्वामिनी, अधिकारिणी. स्वामित्व, स्थायित्व, दायित्व. ज्याला ‘विद्यार्थिनी’ लिहिता येते त्याने ‘विद्यार्थीनी’ ही सर्रास दिसणारी चूक तर टाळलीच, शिवाय ‘विद्यार्थिमंडळ’ही साधले.

हिंदीत या बाबतीत शिस्त सैल आहे. ‘मंत्रिमंडल’ हे रूप प्रमाण मानले जाते, पण ‘मंत्रीमंडल’ही छापलेले आढळते. इतर ठिकाणी हिंदी पुष्कळदा शब्द जोडतच नाही, सुटे लिहिते, आणि मग पहिला शब्द दीर्घ राहणे साहजिकच आहे.

मराठीत शब्द सुटे लिहिले तर काय करायचे? ‘राष्ट्रपती भवन’ की ‘राष्ट्रपतिभवन’?

जोडून लिहिल्यास राष्ट्रपतिभवन, सुटे लिहिल्यास राष्ट्रपती भवन. सुटे लिहिताना ‘राष्ट्रपती’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा शेवट दीर्घ होतो. मराठी वृत्तपत्रांत सुटे रूप अधिक दिसते. चूक होते ती मधल्या प्रकारात, म्हणजे ‘राष्ट्रपतीभवन’ असे जोडूनही दीर्घ लिहिण्यात, किंवा हिंदी फलक पाहून ‘राष्ट्रपति भवन’ असे सुटे लिहूनही ऱ्हस्व ठेवण्यात. माझे मत विचाराल तर खरा समास असेल तेथे शब्द जोडून लिहिणेच मराठीच्या वळणाला शोभते; पण जे कराल ते एका लेखात तरी एकसारखे करावे.

विभक्तीचा प्रत्यय लागल्यावर ‘कविला’ की ‘कवीला’? तेथेही शब्द पुढे वाढतोच ना?

कवीला. प्रत्यय लागून शब्द वाढतो हे खरे, पण तो समास होत नाही. मराठी प्रत्यय मराठी शब्दाला लागतो, आणि मराठी शब्द ‘कवी’ आहे. म्हणून कवीने, गुरूला, वस्तूंचा, दृष्टीने, प्रतिनिधींना. शब्दयोगी अव्ययांपूर्वीही हेच: शक्तीमुळे, बुद्धीसाठी, परिस्थितीप्रमाणे.

‘भक्ती’ हा एकच शब्द घेऊन पाहिले तर सीमारेषा स्पष्ट होते. भक्तीने, भक्तीमुळे, भक्तीसाठी यांत मराठी प्रत्यय किंवा अव्यये आहेत, म्हणून दीर्घ. भक्तिमार्ग, भक्तिमय, भक्तिपूर्वक यांत पुढचा भाग संस्कृत आहे आणि शब्द मुळातच जुळून आलेला आहे, म्हणून ऱ्हस्व. ‘भक्तिपूर्वक’मध्ये पुष्कळ जण फसतात, कारण त्याचा अर्थ ‘भक्तीने’सारखाच आहे.

हिंदीत परसर्ग सुटा लिहिला जातो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही: कवि को, दृष्टि से. पण अनेकवचनी रूपांत हिंदी नेमके उलटे करते. मुळात दीर्घ असलेला शब्दही तेथे ऱ्हस्व होतो: नदी–नदियाँ, विद्यार्थी–विद्यार्थियों, वधू–वधुओं. मराठीत या शब्दांची रूपे नद्या, विद्यार्थ्यांना, वधूंना अशी होतात. म्हणजे अनेकवचनी रूप पाहून हिंदी शब्दाचे मूळ ठरवू नये. ‘कवियों’ आणि ‘विद्यार्थियों’ सारखेच दिसतात, पण एकवचनात कवि आणि विद्यार्थी असे वेगळे आहेत.

मराठीत शेवट ऱ्हस्व राहतो असे तत्सम शब्द आहेत का?

आहेत: अव्यये. परंतु, तथापि, यद्यपि, कदापि हे शब्द दोन्ही भाषांत ऱ्हस्वच लिहितात. ‘यथाशक्ति’, ‘यथामति’ हे अव्ययीभाव समासही याच गटात येतात, म्हणून ‘शक्ती’ दीर्घ लिहिणाऱ्या मराठीतही ‘यथाशक्ति’ ऱ्हस्वच लिहायचे. खास मराठी शब्दांत ‘आणि’ व ‘नि’ ही अव्ययेही ऱ्हस्व आहेत.

‘रवि’ ऱ्हस्व असेल तर हिंदीतही ‘रवींद्र’ दीर्घ का?

तो दीर्घ संधीमुळे आला आहे. रवि आणि इंद्र यांतील दोन ऱ्हस्व इकार मिळून एक दीर्घ ईकार होतो. मुनींद्र यातही हेच झाले आहे, गिरीश व प्रतीक्षा यांत ऱ्हस्व इकार आणि दीर्घ ईकार मिळून एक दीर्घ ईकार झाला आहे, आणि उकारांच्या बाबतीत ‘लघूत्तरी’ प्रश्नांत लघु व उत्तर यांचा उकार असाच एक झालेला असतो. संधी दोन्ही भाषांनी संस्कृतातून आयती घेतली असल्यामुळे अशा ठिकाणी त्यांच्या लेखनात फरक नसतो. मात्र या रूपावरून मागे जाऊन ‘लघूकथा’ लिहू नये. तेथे संधी नाही, म्हणून लघुकथा.

हिंदीत ‘सम्मेलन’ आणि मराठीत ‘संमेलन’. अनुस्वाराचा नियम वेगळा आहे का?

बहुतांश सारखा आहे, आणि जेथे वेगळा आहे तेथेच हा शब्द सापडतो. गंगा, चंचल, संध्या, संपादक अशा शब्दांत अनुनासिकापुढे त्याच वर्गातील दुसरे व्यंजन येते. तेथे दोन्ही भाषांत शिरोबिंदू देणे हीच आजची सर्वमान्य पद्धत आहे. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या वर्तनीविषयक शिफारशींतही हेच सांगितले आहे. पण त्याच शिफारशींनुसार तेच अनुनासिक दोनदा आले तर बिंदू द्यायचा नाही: अन्न, सम्मेलन, सम्मति. मराठीत ‘अन्न’ तसेच लिहितात, पण ‘सम्’ या उपसर्गापुढे ‘म’ आल्यास बिंदू देण्याचा प्रघात आहे: संमेलन, संमती, संमोहन, संमिलित. ‘साहित्य संमेलन’ आणि ‘साहित्य सम्मेलन’ हे दोन्ही आपापल्या भाषेत बरोबर आहेत.

याच ओळीत बसेल असे वाटणारा, पण न बसणारा शब्द म्हणजे ‘सन्मान’. मराठीत सन्मान रूढ आहे, हिंदीत सम्मान. मराठीत ‘संमान’ लिहायची गरज नाही आणि हिंदीत ‘सन्मान’ लिहिल्यास तो मराठीचा प्रभाव वाटतो.

मराठीचा आणखी एक विशेष आहे. तत्सम शब्दांत बिंदूऐवजी अनुनासिक जोडून लिहिण्याची मुभा आहे, आणि काही ठिकाणी अर्थासाठी ते करावेच लागते. ‘वेदान्त’ म्हणजे तत्त्वज्ञान. ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये. ‘देहान्त’ म्हणजे मृत्यू. ‘देहांत’ म्हणजे देहांमध्ये. मराठीत ‘आंत’ हा सप्तमीचा शेवट असल्यामुळे हा गोंधळ होतो. हिंदीत तसा प्रत्यय नसल्यामुळे तेथे ‘वेदांत’ लिहिले तरी काही बिघडत नाही.

ज्या शब्दांत हिंदीत ‘ल’ आहे तेथे मराठीत नेहमी ‘ळ’ करावा का?

नाही. सुट्या, रोजच्या वापरातील शब्दांत ‘ळ’ दिसतो: फळ, कमळ, काळ, बळ, सरळ, प्रबळ, केवळ, मूळ. हिंदीत हेच फल, कमल, काल, बल, सरल, प्रबल, केवल, मूल आहेत. पण संस्कृत घडणीच्या समासांत आणि साधित शब्दांत मराठीही ‘ल’ राखते: फलश्रुती, कालखंड, कालावधी, बलवान, मूलभूत, मूलतत्त्व. म्हणजे मराठीत ‘काळ’ बदलला पण ‘कालगणना’ बदलली नाही. शेवटच्या इकाराच्या बाबतीत दिसला तसाच सुटा शब्द आणि समास यांतला भेद येथेही आहे, फक्त येथे त्याला पक्का नियम नाही, रूढी आहे.

काही जोड्यांत दोन्ही रूपांनी अर्थ वाटून घेतले आहेत. ‘मंगळ’ हा ग्रह आणि वार, तर ‘मंगल’ म्हणजे शुभ. ‘मूळ’ म्हणजे बूड किंवा आरंभ, तर ‘मूल’ म्हणजे अपत्य. त्यामुळे हिंदीतील ‘मूल कारण’ मराठीत जसेच्या तसे उतरवले तर वाचक क्षणभर हसतो. कोमल, धवल, चंचल यांत ‘ल’ तसाच राहिला आहे. उलट हिंदीत लिहिताना ‘ळ’ टाळावा. मराठी आडनावेही तेथे पुष्कळदा बदललेली दिसतात, जसे लोकमान्य टिळक हिंदीत ‘तिलक’ होतात.

‘दृष्टिकोन’ बरोबर की ‘दृष्टिकोण’?

मराठीत दृष्टिकोन, हिंदीत दृष्टिकोण. पहिले पद दोन्हीकडे ऱ्हस्व आहे. फरक शेवटच्या अक्षराचा आहे. मराठीत भूमितीतील ‘कोन’ आणि ‘काटकोन’ यांत ‘न’ रुळला आहे, आणि ‘कोण’ हे प्रश्नार्थक सर्वनाम आहे. तरीही ‘त्रिकोण’ मराठीतही ‘ण’नेच लिहितात. मराठीत सर्वांत जास्त दिसणारी चूक मात्र ‘न’ची नसून ‘दृष्टीकोन’ ही आहे.

‘विद्वान्’, ‘अर्थात्’ यांचा पाय मोडावा का?

मराठीत मोडू नये. विद्वान, क्वचित, कदाचित, अर्थात, अकस्मात असे रुळलेले शब्द अकारान्तच लिहावेत, असा नियमच आहे. हिंदीत महान, विद्वान यांचे हल् चिन्ह गेले आहे आणि ते परत आणू नये अशी निदेशालयाची भूमिका आहे. पण ‘अर्थात्’, ‘पश्चात्’ हल् चिन्हासह छापलेले आजही पुष्कळ दिसतील.

‘तत्त्व’, ‘महत्त्व’, ‘उज्ज्वल’ यांत दोन त, दोन ज हवेत का?

मराठीत हवेतच. हिंदीत ‘तत्त्व’ हेच मूळ रूप, पण ‘तत्व’, ‘उज्वल’ लिहिण्याची सूट दिलेली आहे. विद्यार्थ्याने दोन्हीकडे पूर्ण रूपच लिहावे. ते कोठेही चूक ठरत नाही. ‘व्यक्तिमत्त्व’ या मराठी शब्दात दोन ‘त’ आहेत, कारण तो ‘मत्’ आणि ‘त्व’ मिळून झाला आहे; हिंदीतील ‘व्यक्तित्व’ ही वेगळी घडण आहे आणि तीत ‘त’ एकच. रफारापुढच्या अक्षराचे द्वित्व (कर्त्तव्य, अर्द्ध) जुन्या हिंदी पुस्तकांत भेटते. आज कर्तव्य, अर्ध पुरते.

ऋ आणि ज्ञ यांचा उच्चार दोन्हीकडे वेगळा आहे. लेखन वेगळे होते का?

होत नाही. कृती ऐकताना मराठी विद्यार्थ्याला ‘क्रु’ ऐकू येते आणि हिंदी विद्यार्थ्याला ‘क्रि’. ‘ज्ञान’ एकाला ‘द्न्यान’ वाटते, दुसऱ्याला ‘ग्यान’. लिहायचे मात्र ऋकारासह कृ आणि सरळ ज्ञ.

जुन्या मराठी पुस्तकांत ‘कवि’, ‘बुद्धि’ दिसते. उतारा घेताना ते बदलावे का?

१९६२ पूर्वी मराठीतही तत्सम शब्दांचा शेवट ऱ्हस्व लिहिण्याची पद्धत होती, म्हणून जुनी मराठी पाने या बाबतीत हिंदीसारखी दिसतात. महामंडळाच्या नियमांनुसार केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापायचे, आणि त्या दोघांच्या लेखनासह पुढचे सर्व आजच्या नियमांनी छापायचे. निबंधात उतारा देताना हीच मर्यादा पाळावी.

एखादा मजकूर दोन्ही भाषांत तपासून दाखवता येईल का?

पुढील दोन उतारे एकाच आशयाचे आहेत.

साहित्य संमेलनाच्या समितीने कवींचा सन्मान करण्याची पद्धत बदलली. प्रतिनिधींची सहमती मिळाली, परंतु वस्तुस्थिती अशी होती की केवळ विद्यार्थिमंडळाचा दृष्टिकोन वेगळा होता.

साहित्य सम्मेलन की समिति ने कवियों का सम्मान करने की पद्धति बदल दी। प्रतिनिधियों की सहमति मिल गई, परंतु वस्तुस्थिति यह थी कि केवल विद्यार्थी मंडल का दृष्टिकोण अलग था।

‘संमेलन’ आणि ‘सन्मान’ यांचा उलगडा वर झालाच आहे. ‘समितीने’ दीर्घ, कारण ‘ने’ हा मराठी प्रत्यय; हिंदीत ‘समिति ने’ सुटे आणि ऱ्हस्व. ‘कवींचा’ आणि ‘प्रतिनिधींची’ यांतही तेच. ‘प्रतिनिधी’मधील ‘प्रति’ हा उपसर्ग आहे, तो मराठीत ‘प्रतीक्षा’सारखी संधी असल्याशिवाय दीर्घ होत नाही. ‘प्रतीनिधी’ ही चूक शेवटच्या दीर्घाच्या सवयीमुळे होते. ‘पद्धति’चा इकार मराठीत गळून ‘पद्धत’ झाले आहे. ‘पद्धती’ असे दीर्घ रूपही चालते, पण ‘पद्धति’ मराठीत चालत नाही. ‘परंतु’ दोन्हीकडे ऱ्हस्व, कारण ते अव्यय. ‘वस्तुस्थिती’त पहिला उकार ऱ्हस्व आणि शेवटचा ईकार दीर्घ. ‘केवळ’मध्ये ळ, ‘केवल’मध्ये ल. ‘विद्यार्थिमंडळ’ जोडून लिहिले म्हणून ऱ्हस्व. कोणी ते सुटे लिहिले असते तर ‘विद्यार्थी मंडळ’ असे दीर्घ झाले असते, आणि हिंदी उताऱ्यात नेमके तसेच सुटे लिहिले आहे.

मराठी उतारा तपासताना मी आधी प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर पाहतो आणि मग फक्त जोडशब्दांची पहिली पदे. हिंदी उतारा तपासताना शेवटच्या प्रत्येक दीर्घापाशी थांबून तो मुळात दीर्घ आहे का, एवढेच विचारतो. मोबाइलवर टंकन करीत असल्यास त्याआधी कळफलकाची भाषा बदलली आहे ना, हे पाहावे. हिंदी कळफलकावर मराठी लिहिताना शब्द सुचवणारी यंत्रणा ‘समिती’चे ‘समिति’ करून टाकते आणि ते नजरेतून सुटते.